महिन्याचा तक्ता आणि वर्षाचा बारावा भाग

गेल्या जूनमध्ये नाशिकची माझी मामेबहीण लॅपटॉप घेऊनच घरी आली. चहा व्हायच्या आत तिने घरखर्चाचा तक्ता उघडून समोर ठेवला. "दादा, हे बघ. दर महिन्याला ७,८५० रुपये शिल्लक दाखवतोय. म्हणजे वर्षाला जवळजवळ लाखभर उरायला हवेत. मग सोनूच्या फीसाठी मला भिशीचा नंबर आधी का मागून घ्यावा लागला?"

तक्ता तिने मन लावून केला होता. बेरजा बरोबर होत्या, वजाबाकी बरोबर होती, एकही रक्कम फुगवलेली किंवा लपवलेली नव्हती. तरीही उत्तर चुकीचं होतं. पुढच्या दोन तासांत आम्ही ते का चुकतंय हे शोधलं. ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण पगारावर चालणाऱ्या बहुतेक घरांचा तक्ता नेमका याच जागी फसतो, असं माझ्या पाहण्यात आलं आहे.

आधी तक्ता बघू. नवरा नोकरीत, हातात येणारा पगार ४६,०००. ती घरी शिकवण्या घेते, त्यांचे ९,०००. एक मुलगा पाचवीत. फ्लॅटचं कर्ज चालू आहे, आणि गावी सासू-सासऱ्यांना दरमहा पैसे जातात. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये हा तक्ता सारखाच दिसतो. A स्तंभात तपशील, B स्तंभात अंदाजाची रक्कम. पुढे C स्तंभात महिनाअखेर प्रत्यक्ष झालेला खर्च येतो. डावीकडचे आकडे ओळींचे आहेत, सूत्रात तेच लागतात.

| ओळ | तपशील | रक्कम |
|---|---|---|
| 2 | पगार | ४६,००० |
| 3 | शिकवण्या | ९,००० |
| 4 | (रिकामी) | |
| 5 | एकूण जमा | ५५,००० |
| 6 | घरकर्जाचा हप्ता | १४,२०० |
| 7 | सोसायटी मेंटेनन्स | १,६०० |
| 8 | गावी | ३,००० |
| 9 | शाळेची व्हॅन | १,३०० |
| 10 | घरकामाच्या मावशी | १,५०० |
| 11 | इंटरनेट, मोबाइल | १,१५० |
| 12–13 | (रिकाम्या) | |
| 14 | एकूण ठरलेला खर्च | २२,७५० |
| 15 | किराणा | ७,८०० |
| 16 | दूध | ३,१०० |
| 17 | भाजी, फळं | ३,६०० |
| 18 | वीज | १,९०० |
| 19 | गॅस | ९०० |
| 20 | पेट्रोल | २,४०० |
| 21 | औषधं | ९०० |
| 22 | बाहेर खाणं, फिरणं | २,२०० |
| 23 | इतर | १,६०० |
| 24 | (रिकामी) | |
| 25 | एकूण बदलता खर्च | २४,४०० |
| 26 | एकूण खर्च | ४७,१५० |
| 27 | शिल्लक | ७,८५० |

'एकूण' आणि 'शिल्लक' या ओळींमध्ये आकडा हाताने लिहायचा नसतो. तिथे सूत्र लिहायचं, म्हणजे वरची एखादी रक्कम बदलली की खालचं सगळं आपोआप बदलतं. अख्ख्या तक्त्याला पाच सूत्रं पुरतात:

```
B5:   =SUM(B2:B4)
B14:  =SUM(B6:B13)
B25:  =SUM(B15:B24)
B26:  =B14+B25
B27:  =B5-B26
```

प्रत्येक बेरजेच्या वर एक रिकामी ओळ आहे आणि ती सूत्राच्या आत घेतली आहे. ती मुद्दाम ठेवलेली आहे. उद्या क्लासची फी किंवा नवा हप्ता सुरू झाला, तर त्या रिकाम्या ओळीच्या वर नवी ओळ घालायची. ती सूत्राच्या मधोमध पडते, त्यामुळे सूत्र स्वतःच लांबतं. रिकामी ओळ नसेल तर माणूस नवी ओळ शेवटच्या खर्चाच्या खाली आणि बेरजेच्या वर घालतो. ती सूत्राच्या बाहेर राहण्याची शक्यता असते. खर्च डोळ्यांना दिसतो, पण बेरजेत येत नाही.

बेरजेत न येणारा खर्च ही या तक्त्याची सर्वांत वाईट चूक, कारण ती ओरडून सांगत नाही. एकूण खर्चासाठी कुणी चुकून B6 पासून B25 पर्यंत सगळ्याचीच बेरीज मागितली, तर मधल्या बेरजाही मोजल्या जातात आणि खर्च बरोबर दुप्पट, ९४,३०० दिसतो. अशी चूक कुणाच्याही लगेच लक्षात येते. बहिणीच्या पहिल्या तक्त्यात मात्र तसं झालं नव्हतं. मावशींच्या पगारासमोर तिने वहीतल्या सवयीने `1500/-` असं लिहिलं होतं. आपण पावतीवर, चेकवर, लग्नाच्या पाकिटावर तसंच लिहितो. संगणकाला ती तिरकी रेघ आणि पुढची आडवी रेघ आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो. SUM मजकूर गाळून पुढे जातं आणि तसं सांगतही नाही. त्यामुळे तिला सुरुवातीला शिल्लक ९,३५० दिसत होती. ही चूक तिने स्वतःच पकडली होती. कशी, तर इतर आकडे चौकटीत उजव्या कडेला चिकटलेले होते आणि हा एकटा डाव्या कडेला.

नजरेवर विसंबायचं नसेल, तर तक्त्याच्या बाजूला एका कोपऱ्यात हे सूत्र ठेवावं:

```
=COUNTA(B2:B27)-COUNT(B2:B27)
```

पहिला भाग भरलेल्या चौकटी मोजतो, दुसरा फक्त आकड्यांच्या. उत्तर शून्य आलं पाहिजे. एक आलं तर एका चौकटीत आकड्याऐवजी मजकूर बसला आहे. `3100 (31 दिवस)` असं लिहिलं तरी तेच होतं. म्हणून रकमेच्या चौकटीत फक्त रक्कम, तीही इंग्रजी अंकांत, आणि टिपण शेजारच्या चौकटीत.

हे सगळं सुधारून तिचा तक्ता ७,८५० वर आला होता. गणिताच्या बाजूने आता काही चुकत नव्हतं. मग मी तिला म्हटलं, "तुमच्या दोघांची पासबुकं उघड. गेल्या जुलैपासून या जूनपर्यंत. जे खर्च या तक्त्यात नाहीत, तेवढेच वाचून दाखव."

ती वाचत गेली, मी लिहीत गेलो. दिवाळीत कपडे, फराळ, भाऊबीज, मावशींचा बोनस धरून १८,०००. जानेवारीत स्कूटर आणि मोटरसायकलचा विमा, दोन्हींची सर्व्हिसिंग मिळून ५,४००. मार्चमध्ये आयुर्विम्याचा हप्ता २४,००० आणि घरपट्टी ४,८००. एप्रिलमध्ये सालाचे गहू, तांदूळ, डाळी, मिरची आणि मसाला १२,०००. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं ३६,०००. ती वाचता वाचता थांबली. बेरीज तिच्या लक्षात आली होती: १,००,२००.

हे खर्च अचानक आलेले नव्हते. दिवाळी दर वर्षी येते, विम्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते, शाळा जूनमध्ये उघडणार हे जूनच्या आधी वर्षभर ठाऊक असतं. पण महिन्याचा तक्ता करताना आपण 'या महिन्यात काय द्यायचं आहे' एवढंच आठवतो, आणि वर्षातून एकदा येणारी रक्कम बाराही महिने तक्त्याबाहेर राहते. ज्या महिन्यात ती येते त्या महिन्याला आपण 'जड महिना' म्हणतो आणि सोडून देतो. तिच्या घरात बारापैकी पाच महिने असे जड होते.

उपाय साधा आहे. त्याच फाइलमध्ये दुसरं पान उघडायचं, त्याला 'वार्षिक' नाव द्यायचं. तिथे हे सहा खर्च B2 ते B7 मध्ये एकाखाली एक, खाली B8 मध्ये बेरीज. मग महिन्याच्या तक्त्यात ठरलेल्या खर्चातली १२ क्रमांकाची रिकामी ओळ भरायची. नाव 'वर्षाचा बारावा भाग', आणि रकमेच्या जागी हे सूत्र:

```
='वार्षिक'!B8/12
```

१,००,२०० भागिले बारा म्हणजे ८,३५०. ठरलेला खर्च २२,७५० वरून ३१,१०० वर गेला आणि सगळ्यात खालच्या चौकटीत ७,८५० च्या जागी −५०० उमटलं.

भिशीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. हे घर महिन्याला आठ हजार वाचवत नव्हतं, पाचशे रुपये कमी पडत होते. वर्षाला सहा हजार. ते कधी भिशीतून भागत होते, कधी भावाकडून घेतलेल्या उसन्या पैशांतून.

एवढ्यावर थांबलो असतो, पण मी जमेच्या बाजूकडेही पाहिलं. शिकवण्यांचे ९,००० बाराही महिने येतात का? नाही. एप्रिल आणि मे मुलं गावी जातात, शिकवणी बंद. म्हणजे वर्षाचे ९०,०००, महिन्याचे साडेसात हजार. खर्चाला बाराने भागायचं आणि जमेला भागायचं नाही, हा स्वतःवरच अन्याय. शिकवणी, शिलाई, पोळीभाजीचे डबे, शेतीचं उत्पन्न, कमिशन अशी कुठलीही कमी-जास्त होणारी जमा तक्त्यात घालायची तर वर्षभराची बेरीज करून तिचा बारावा भागच घालावा. चांगल्या महिन्याचा आकडा घातला की तक्ता आपल्याला खोटा दिलासा देतो. B3 मध्ये ९,००० च्या जागी ७,५०० गेले आणि शिल्लक −२,००० झाली.

आता कपात कुठून करायची ते ठरवायचं होतं. ठरलेल्या खर्चात महिन्याभरात काही हलत नाही. कर्ज, सोसायटी, गावचे पैसे तसेच राहतात. हलतं ते बदलत्या खर्चात, आणि तेही सगळीकडे नाही. दूध, औषधं, गॅस यांना तिने हात लावला नाही आणि मला ते पटलं. बाहेर खाणं २,२०० वरून १,४०० केलं. किराण्यात ५०० कमी केले, कारण सालाचं धान्य भरूनही ती दर महिन्याला तांदूळ-डाळ पुन्हा आणत होती. नवरा आठवड्यातून दोनदा सहकाऱ्याच्या गाडीने जाईल, म्हणून पेट्रोल ४०० ने उतरलं. 'इतर' मधून ३००. दोन हजार झाले आणि शिल्लक शून्यावर आली.

"शून्य?" ती म्हणाली. "एवढं करून शून्य?"

माझ्या मते ते शून्य आधीच्या ७,८५० पेक्षा कितीतरी मोलाचं होतं, कारण त्या शून्यात दिवाळी, विमा, घरपट्टी, धान्य आणि फी सगळं मावलं होतं. दुखण्याखुपण्यासाठी वेगळी गंगाजळी त्यात अजून नाही, हेही खरं. ती पगारवाढीनंतर किंवा मोठा हप्ता संपल्यावरच बसेल. तक्ता ते लपवत नाही.

मात्र बारावा भाग तक्त्यात लिहून भागत नाही. ८,३५० रुपये पगाराच्या खात्यात पडून राहिले तर ते शिल्लक दिसतात आणि खर्च होतात. म्हणून पगार झाला त्याच दिवशी ते दुसऱ्या बचत खात्यात वळवायचे, ज्या खात्याला मोबाइलवरचं यूपीआय जोडलेलं नाही. शिकवण्यांतले जास्तीचे १,५०० ही त्याच खात्यात जातात आणि एप्रिल-मेमध्ये ७,५०० प्रमाणे परत येतात. वार्षिक खर्च आला की तो थेट त्या खात्यातून भरायचा आणि महिन्याच्या तक्त्यात लिहायचा नाही. तो दर महिन्याला बाराव्या भागाच्या रूपाने आधीच लिहिलेला आहे. पुन्हा लिहिला तर एकच खर्च दोनदा मोजला जाईल.

सुरुवात कोणत्या महिन्यात करता याला फार महत्त्व आहे. तिने जुलैपासून सुरू केलं, म्हणजे सर्वांत मोठी रक्कम नुकतीच भरून झाल्यावर. ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीच्या खरेदीला ती निघाली तेव्हा खात्यात या खर्चांसाठीचे ३३,४०० होते आणि १८,००० आरामात निघाले. हेच तिने फेब्रुवारीत सुरू केलं असतं, तर मार्चमध्ये जमलेले असते १६,७००, आणि विमा व घरपट्टी मिळून देणं २८,८०० चं. त्यामुळे मधूनच सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षापुरतं प्रत्येक खर्चाला बाराने न भागता तो येईपर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागावं. पहिलं वर्ष जड जातं. जमलंच नाही तर तेवढी तूट कुठून भरायची हे तरी आधी कळतं.

शेवटची गोष्ट महिनाअखेरची. सूत्राने सांगितलेली शिल्लक खरी आहे की नाही हे सूत्र सांगू शकत नाही, ते पैसे मोजूनच कळतं. बहिणीच्या तक्त्यात उजवीकडे चार चौकटी आहेत. E2 मध्ये महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात, पाकिटात आणि डब्यात मिळून असलेले पैसे. वार्षिक खर्चाचं वेगळं खातं त्यात धरायचं नाही. E4 मध्ये शेवटच्या तारखेला तसेच मोजलेले पैसे. बाकीचं सूत्र करतं:

```
E3:  =E2+C5-C26
E5:  =E3-E4
```

E3 सांगतं की हातात किती असायला हवेत, E5 सांगतं की किती कमी आहेत. ऑगस्टमध्ये तिने २१,००० वर सुरुवात केली. C स्तंभात जमा ५३,५००, लिहिलेला खर्च ५२,१००. म्हणजे २२,४०० असायला हवे होते. मोजले तर २१,१५०. साडेबाराशे रुपये कुठे गेले?

पूर्वी तिने ते 'इतर' मध्ये टाकून पान मिटलं असतं. या वेळी मोबाइलमधले यूपीआयचे व्यवहार एकेक करून तक्त्याशी ताडले. गळणारा नळ दुरुस्त करणाऱ्याला दिलेले ६५० सापडले. साखरपुड्याला दिलेलं ५०१ चं पाकीट नवऱ्याला आठवलं, ते रोख दिलं होतं. राहिले ९९, ते तिने 'इतर' मध्ये घातले. आहेर तिच्या तक्त्यात कुठेच नव्हता. लग्नसराईत तो एका महिन्यात चार-पाच वेळा निघतो, म्हणून सप्टेंबरपासून तिने त्याची वेगळी ओळ केली आणि ती रक्कम 'इतर' मधून वळती केली.

या ताळ्यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एटीएममधून काढलेले पैसे खर्च म्हणून लिहितात आणि मग त्याच पैशांची भाजीही लिहितात. आणि क्रेडिट कार्डवर घेतलेला किराणा एकदा किराण्यात, पुन्हा कार्डाचं बिल भरताना बिल म्हणून. एटीएममधून काढलेला पैसा खर्च नव्हे, तो फक्त खात्यातून पाकिटात आला. कार्डावरचा खर्च ज्या दिवशी झाला त्या दिवशी लिहावा, आणि बिल अजून द्यायचं बाकी असेल तर महिनाअखेर मोजलेल्या पैशांतून तेवढी रक्कम वजा करून मगच ती E4 मध्ये घालावी. पहिल्या तारखेच्या E2 मध्येही हीच वजावट चालू ठेवावी. E5 मध्ये उणे आकडा आला, म्हणजे हातात हिशेबापेक्षा जास्त पैसे निघाले, तर आधी अशीच दुबार नोंद शोधावी किंवा लिहायची राहिलेली जमा.

विजेचा आकडा कसा धरायचा, असंही तिने विचारलं होतं. मे महिन्याचं बिल फेब्रुवारीच्या बिलासारखं कसं असेल? महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. वर्षभराच्या बिलांची बेरीज करून बाराने भागावी आणि तो आकडा B मध्ये ठेवावा. C मध्ये दर महिन्याचं खरं बिल. हिवाळ्यात फरक आपल्या बाजूने पडतो, उन्हाळ्यात तो भरून निघतो.

या जूनमध्ये तिने फी भरली तेव्हा दुसऱ्या खात्यात बरोबर ३६,००० होते. भिशीचा नंबर तिने मागितला नाही.

तुमच्याकडे असा तक्ता असेल तर त्यातल्या सूत्रांना आज हात लावू नका. आधी मागच्या बारा महिन्यांची पासबुकं काढा, आणि वर्षातून एकदा किंवा दोनदाच येणारा प्रत्येक खर्च महिन्यासकट एका कागदावर लिहा. त्या कागदाची बेरीज भागिले बारा, ही ओळ तुमच्या तक्त्यात आहे का, एवढंच बघा.